दिवा लावाच्या आधी काय चालू होतं

जोशीबुवांनी तवा पहिल्यांदा काढलेली जन्मवेळच कागदावर लिहून टाकली असती तं माही पोरगी आज माह्या मांडीवर नसती. अंजनगावले माह्या मावससासूच्या घरी रांगली असती, अन् बारा वर्सं मले तिचं तोंड दिसलं नसतं. हे मी आधीच सांगून टाकते. मले दम धरून गोष्ट सांगता येतच नव्हती. हे झालं, मंग ते झालं, मंग ते झालं, असं मी एका श्वासात सांगाची अन् ऐकनाऱ्याच्या हाती काही लागत नव्हतं. माहा बाप अमरावतीले देवळाच्या पडवीत पोरं शिकवत होता. मीबी त्या पोरांच्या मांगं बसून धूळपाटीवर अक्षरं गिरवली. जोडाक्षरापर्यंत आली, तवा लग्न झालं अन् धूळपाटी सुटली. बाप म्हने, पोरी, तू सांगतं तवा सारे एकाच दारातून एका वक्ती बाहेर पडून राहिल्यासारखं वाटते.

लग्न होऊन मी अकोल्याले आली. घर मोर्णेच्या काठापासून जराशा अंतरावर. पहिलं बाळंतपन माहेरी असते, तसं माहंबी ठरलं होतं. पन त्या साली बैलच भेटले नाही. गोऱ्यांच्या मुलखात कुठंतरी मोठी लढाई चालू होती म्हनत. तिकडचा कापूस अडला होता, अन् आमच्या काळ्या वावरातला कापूस सारं जग मांगून राहिलं होतं. ज्याच्या त्याच्या गाडीत कापूस. अमरावतीच्या वाटेवर मूर्तिजापूरच्याही पुढं गाडीले गाडी लागली होती. बाळंतिनीले कोन नेते? सासूबाई म्हने, इथंच होऊन जाईन, मी काय मेली काय?

घरधनी गडीमान्सं घेऊन कापसाच्या गाड्यांसंग अमरावतीले गेले, अन् ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी माह्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस अवसेचा होता. घरात मी, सासूबाई अन् सुईन, तिघीच. पोरगी झाली. नीट झाली, रडली, अन् मी झोपून गेली.

सहाव्या दिवशी सासूबाई जोशीबुवाकडे गेली. आमच्या घरात तं काय, साऱ्या आळीत घड्याळ नव्हतं. जन्माची वेळ जोशीबुवा मान्सांच्या सांगन्यातूनच काढत होते. गाई आल्या होत्या काय, चूल पेटली होती काय, असं इचारत इचारत ते घटकेपर्यंत जाचे. सासूबाई घरी आली अन् न्हानीच्या दारातूनच सुईनीले सांगू लागली. मी आतल्या खोलीत पडली होती, भिंतीपल्याडून सारं आयकू आलं.

जोशीबुवांनी इचारलं होतं, लेकरू झालं तवा घरात दिवा लागला होता काय. सासूबाईनं सांगतलं, नाही, लेकरू झालं अन् मंग मी दिवा लावला. जोशीबुवांनी पंचांग पाहिलं. त्या दिवशी दिनमान अठ्ठावीस घटकांचं होतं, अन् अवस तीस घटकांपर्यंत होती. म्हनजे दिवस बुडाल्यावर आनखी दोन घटका अवसच. दिवा लागाच्या आधी झाली, तवा अवसेच्या शेवटच्या घटकांत झाली, अन् अवसेचा तो शेवट साऱ्यात वाईट. बाराव्या दिवशी येतो, म्हनले, अन् जन्माचं टिपन लिहून देतो.

मंग सासूबाईनं आपल्या मनानं पुढचं ठरवलं. जोशीबुवांनी तं पूजा करून शांत करा एवढंच म्हनलं होतं. पन सासूबाईच्या माहेरी एकदा अवसेचं लेकरू झालं होतं अन् वर्साच्या आत बाप गेला होता. तिच्या मनात ते रुतून बसलं होतं. तिचा एकच लेक, माहा घरधनी. सासूबाई म्हने, बापानं बारा वर्सं पोरीचं तोंड नाही पाहाचं. अंजनगावले माही बहीन आहे, तिले लेकरू नाही, तिच्या वटीत टाकू. दोघीचंबी भलं होईन.

मी भिंतीले पाठ लावून बसली. पोरगी दूध पिऊन राहिली होती. मले वाटलं उठावं अन् अमरावतीले पळून जावं, पन सहा दिवसाची बाळंतीन चार मुक्काम कशी चालन?

पळता येत नव्हतं म्हनून इचार करू लागली. सासूबाई खोटं बोलली नव्हती. दिवा खरंच लागला नव्हता. मले आठवते, पोरगी शेगडीच्या निखाऱ्याच्या उजेडात झाली, सुईनीचं अर्धंच तोंड दिसत होतं. मंग वाईट कुठं झालं? रात्रंदिवस मी तेच घोळवत होती, अन् आठव्या दिवशी भाकर खाता खाता मले गवसलं. आमच्या घरात त्या दिवसांत दिवा लागतच होता उशिरा.

ओसरीत कापसाचे गठोडे छतापर्यंत रचले होते. भाव चढून राहिला होता, उद्या आनखी चढन म्हनून अर्धा माल इकलाच नव्हता. घरात दिवा एकच, अन् त्याचा कोनाडा त्या गठोड्यांच्या मांगं दबला होता. कापसाजवळ ज्योत न्याची कोनाची हिंमत? तवा रोज संध्याकाळी गडी वावरातून आले का आधी कोनाड्यासमोरचे गठोडे काढून मधल्या खोलीत न्याचे, जागा झाडाचे, अन् मंग दिवा लागाचा. सकाळी खोली मोकळी पाहिजे म्हनून गठोडे पुन्हा ओसरीत. साऱ्या आळीत दिवे लागून जाचे, अन् आमची ओसरी अंधारीच राहाची. घरातल्या साऱ्यायले हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हनूनच सासूबाईनं ते सांगतलं नाही. जोशीबुवाले ते ठाऊक नव्हतं. त्यायनं आपल्या घरचा दिवा डोळ्यापुढं धरला.

मी सासूबाईले सांगाले गेली. कशी सांगतली असन? मी तिले आत्याबाई म्हनाची. आत्याबाई, मशिदीची बांग झाली अन् पानी तापलं अन् गठोडे काढले अन् पोरगी रडली अन् दिवा लागला. ते माह्याकडे पाहत राहिली. म्हने, मंग मी काय येगळं सांगतलं? दिवा मांगूनच लागला ना? अन् उठून गेली.

दहाव्या दिवशी सासूबाईच्या निरोपावरून मावससासू अंजनगावहून कोनाच्यातरी कापसाच्या गाडीत बसून आली. गाडीतून उतरली तं हातात लेकरू निजवाची नवी झोळी, मऊ लुगड्याची, चारी कोन शिवलेले. मले ते बाई आवडत होती, हे बी खरं. तिनं पोरीले मांडीवर घेतलं अन् किती वक्त नुसती पाहतच राहिली. मंग मले म्हने, तू भिऊ नको, मी इले दुधावरच्या सायीसारखं जपीन. ते जेवढं मायेनं बोलली तेवढी मी जास्त भेली.

बाराव्या दिवशी सकाळीच जोशीबुवा आले. म्हातारे, अंगानं बारीक, काखेत पंचांग अन् धूळपाटी. ओसरीतले गठोडे पाहून म्हनले, बाई, तुमच्या घरात लक्ष्मी बसली पन मान्साले बसाले जागा नाही ठेवली. सासूबाई हसली. पाट मांडला. त्यायनं दौत काढली, बोरूचं टोक पाहिलं.

मी दाराआड पदर तोंडावर घेऊन उभी होती. मान्सासमोर बोलाची मले सवय नव्हती. पन बोरू दौतीत गेला अन् माह्या तोंडून निघून गेलं, महाराज, थांबा.

सासूबाईनं मान वळवली. मी थांबली नाही, थांबली असती तं पुन्हा बोललीच नसती. बांग झाली, पानी आनलं, तापलं, सुईनीनं अजवाईन दिली, गठोडे काढले, पोरगी रडली, दिवा लागला, अंधार पडला. असं सारं मी बोलून टाकलं.

जोशीबुवांनी बोरू खाली ठेवला अन् हसले. "पोरी, तू तं साऱ्यायले एकाच पंगतीत बसवलं. अंधार शेवटी पडला म्हनतं. म्हनजे दिवा उजेडात लावला काय?"

मावससासूबी हसली. मले वाटलं आता जमीन फाटावी. सासूबाई म्हने, जाऊ द्या महाराज, लेकरू आहे ते, लेकराची माय झाली तरी लेकरूच.

पन जोशीबुवांनी तिले हातानं थांबवलं. त्यायचं इचारन्याचं कामच होतं, अन् मले वाटते त्यायले माह्या बोलन्यात काहीतरी अडलं. ते मले म्हनले, झालं काय ते जरा बाजूले ठेव. आधी मले सांग, चालू काय होतं. जे एकदम घडलं ते नको. जे घडून राहिलं होतं, जे आधीपासून होतं, ते सांग. अन् त्यायनं धूळपाटी पुढं घेतली, बोटानं धूळ सारखी केली.

ते धूळपाटी पाहिली अन् माहा श्वास जाग्यावर आला. बापाच्या पडवीत बसल्यासारखं वाटलं. मी दाराच्या बाहेर आली, उंबऱ्याजवळ खाली बसली, अन् सांगू लागली.

त्या दिवसांत आमची ओसरी कापसानं भरली होती. कोनाडा गठोड्यांच्या मांगं होता. गठोडे काढल्याबिगर दिवा लागत नव्हता, रोजचं तसंच होतं. गडी काढत होते. पन त्या दिवशी गडी घरधन्यासंग अमरावतीच्या वाटेवर होते. घरात तिघीच होतो. दुपारपासून माह्या कळा चालू होत्या, अन् आत्याबाई माह्याजवळ बसून होती.

जोशीबुवांनी धुळीत एक लांब रेघ ओढली. हे तुह्या कळा, म्हनले. तिच्याखाली दुसरी ओढली. हे बिन दिव्याची ओसरी. आता सांग, याच्यात पहिलं काय घडलं?

मी म्हनली, बांग झाली. आमच्या मांगच्या आळीत मशीद आहे, दिवस बुडाला का तिथली बांग आयकू येते. जोशीबुवांनी मान हालवली, अन् कळांच्या रेघेवर एक ठिपका दिला. बांग झाली तवा कळा चालू होत्या ना? हाव, म्हनली, चालूच होत्या. सुईन म्हने, अजून वेळ आहे, पानी तापवा. तवा आत्याबाई उठली अन् हंडा चुलीवर ठेवला. हंडा तापला, उतरवला. मंग ते ओसरीत गेली अन् गठोडे काढू लागली.

"अन् लेकरू कधी रडलं? काढाच्या आधी, का काढून झाल्यावर?"

हेच तं मले सांगाचं होतं अन् हेच मले सांगता येत नव्हतं. मी पुढं झाली. त्यायनं गठोड्यांचीबी एक रेघ ओढली होती. मी पदर सावरला अन् त्या रेघेच्या मधोमध माहं बोट टेकवलं. तिथं ठिपका उमटला.

"आत्याबाई गठोडे काढून राहिली होती. अर्धे काढून झाले होते, अर्धे राहिले होते. तवा रडली."

जोशीबुवा सासूबाईकडे पाहू लागले. सासूबाई त्या ठिपक्याकडे पाहून राहिली होती. मंग हळूच म्हने, "हाव. माह्या हातात गठोडं होतं. ते तसंच टाकून मी आत धावली. बाकीचे मंग काढले."

जोशीबुवांनी तिले इचारलं, मंग सहाव्या दिवशी हे काहून नाही सांगतलं? सासूबाईनं खरं ते सांगतलं. म्हने, तुमी इचारलं काय झालं, मी झालं ते सांगतलं. गठोडे तं आमी रोजच काढतो, ते काय सांगाची गोष्ट आहे?

मले वाटलं झालं, सुटली. पन जोशीबुवा तसे सोडनारे नव्हते. म्हनले, बांगेपासून दोन घटका अवस होती. तुमच्या पान्याले अन् गठोड्याले किती वक्त लागला, ते मले कसं समजन? दीड घटका लागली असन तं पोरगी अवसेतलीच. अन् त्यायनं आपल्या घरून घटिकापात्र मांगवलं. तांब्याची वाटी असते, बुडाले बारीक भोक. पान्यावर ठेवली का भरत भरत बुडते, बुडली का एक घटका.

मंग आमच्या घरी जे झालं ते पाहाले आळीतल्या बायाबी जमा झाल्या. बारशाले आल्या होत्या, गंमत पाहात बसल्या. सासूबाईनं तोच हंडा भरून त्याच चुलीवर ठेवला. तेवढाच जाळ कर, जोशीबुवा म्हनत होते, जास्त घालू नको. सासूबाई म्हने, महाराज, माह्या चुलीले मी अवसेसाठी येगळी अन् पाडव्यासाठी येगळी लाकडं घालत नाही. वाटी पान्यात डुलत होती. मी पोरीले छातीशी धरून वाटीकडेच पाहून राहिली होती. माह्या शेजारी मावससासू होती, तेबी वाटीकडेच पाहून राहिली होती. तिले काय पाहिजे होतं अन् मले काय पाहिजे होतं, दोघीले ठाऊक होतं. आमी एकमेकीकडे पाहिलं नाही.

हंडा कढत होता तवा वाटी एकदा बुडाली होती अन् पुन्हा ठेवलेली जराशी भरली होती. मंग सासूबाईनं कमरेले पदर खोचला. गठोडे पुन्हा रचून ठेवलेच होते. एक उचललं, मधल्या खोलीत नेलं, आली. दुसरं नेलं. बाया मोजत होत्या. एक म्हातारी म्हने, व बाई, धावू नको, तवा धावली होती काय? सासूबाई म्हने, तवा तं अंधार होता, चाचपत चालत होती, आता उजेड आहे. जोशीबुवांनी ते आयकलं अन् मान हालवली. हे धरतो, म्हनले, उजेडात कमीच लागते.

वाटी दुसऱ्यांदा बुडाली तवा अर्धे व्हाले अजून चार गठोडे बाकी होते. दोन घटका झाल्या, म्हनजे अवस सरली होती. तिसऱ्यांदा ठेवली, ते अर्धी भरली होती, तवा सासूबाई म्हने, हेच गठोडं, हेच माह्या हातात होतं, अन् ते तसंच धरून उभी राहिली.

जोशीबुवांनी तरी सुईनीले बोलावलं. तिले काहीच न सांगता इचारलं, लेकरू झाल्यावर तू बाहेर गेली होती काय. ते म्हने, गेली होती, पानी फेकाले. तवा आभाळ कसं होतं? सुईन म्हने, कसं म्हनजे काय महाराज, काळंकुट्ट, चांदन्या पुऱ्या निघून आल्या होत्या, मले पायाखालचं दिसत नव्हतं, ठेचकाळली मी.

"आल्या होत्या. म्हनजे तू गेल्यावर निघाल्या नाही."

"मी गेली तवा होत्याच."

जोशीबुवांनी पंचांग मिटलं. बोरू दौतीत बुडवला अन् मोठ्यानं बोलत बोलत लिहलं, शुद्ध प्रतिपदा, म्हनजे पाडवा, सूर्यास्तानंतर अडीच घटकांवर. कागद वाळवला अन् सासूबाईच्या हाती दिला. म्हनले, आमी वेळ इचारतो अन् बाया झालेलंच सांगतात. चालू होतं ते आमी इचारलंच नाही, हे माही चूक. दिवा इचारला, पन दिवा कोनत्या घरातला ते इचारलं नाही.

सासूबाईनं कागद डोळ्याले लावला. मले म्हने, मोठी पंडितीन निघाली. रागानं नाही म्हनली. मंग मधल्या खोलीतले गठोडे उचलून पुन्हा ओसरीत रचू लागली, तं बाया म्हनत, अव आता तरी बस. ते म्हने, बारसं आहे, पाव्हन्यायले बसाले जागा नको काय?

पाळना हालला, नाव ठेवलं. घुगऱ्या वाटल्या. मावससासू कुठंच दिसली नाही. मी पोरीले घेऊन मांगच्या अंगनात गेली तं ते तठी निंबाखाली बसली होती, झोळीची घडी करून मांडीवर ठेवली होती. मी तिच्याजवळ उभी राहिली. तीच बोलली.

"तुह्या सांगन्यानं माही वटी रिकामी राहिली." मंग नाक पुसलं. "पन तू बरोबर सांगतलं. मी तुह्या जागी असती तं मीबी असंच सांगतलं असतं. सांगता आलं असतं तं."

मी पोरीले तिच्या मांडीवर ठेवलं. म्हनली, मावशी, घरधनी येईपर्यंत राहा. इले तेल लावाले माह्या हातात अजून बळ नाही. तिचा हात आपसूक पोरीच्या पाठीवर फिरू लागला.

मावशी वीस दिवस राहिली. रोज पोरीले न्हाऊ घालत होती, पायावर पालथं टाकून पाठ चोळत होती, अन् सासूबाईसंग पान्याच्या ऊनपनावरून भांडत होती. घरधनी रिकाम्या गाड्या घेऊन आले तवा पोरगी तिच्याच पायावर होती, तेलानं चकाकून राहिली होती. ते दारातच थबकले. सासूबाईनं अडवलं नाही. मावशीनंच पोरीले उचलून त्यायच्याकडे तोंड केलं अन् म्हने, घे, पाहा बापा, पाडव्याची आहे.